मोदक-करंजीचे सारण : एका नगाचे वजन ठरवून नारळ-गुळाचा हिशेब कसा मांडावा

खानदेशातल्या घरांत पुरणाचा अंदाज सहसा चुकत नाही. एक किलो हरभऱ्याच्या डाळीत खापरावरच्या पोळ्या किती होतील, हे अखाजीच्या दिवशी घरातली जाणती बाई डाळ न मोजताही सांगते, कारण डाळीचे वजन ठरलेले असते आणि शिजल्यावर ती किती फुगते हेही वर्षानुवर्षे तसेच असते. गणपतीत मात्र हाच हात नारळाशी अडखळतो. ‘एका नारळाचे वीस मोदक’ असे कोणी सांगितले म्हणून आठ नारळ आणले जातात, आणि एखाद्या वर्षी शेवटच्या पंचवीस पाऱ्यांना सारण उरत नाही, तर एखाद्या वर्षी डबाभर सारण उरते. नारळ हे माप नाही, हेच त्यामागचे कारण आहे. नारळाचे पीक खानदेशाचे नाही. जळगाव, भुसावळ, धुळ्याच्या बाजारात तो दक्षिणेकडून ट्रकने येतो, आणि एकाच पोत्यातल्या दोन नारळांच्या किसात पन्नास-साठ ग्रॅमचा फरक सहज पडतो.

म्हणून हिशेबाची दिशा उलटी करावी. आधी नग किती हवेत ते ठरवावे, मग एका नगात सारण किती ग्रॅम जाते ते मोजावे, त्यावरून शिजलेले सारण किती लागेल ते काढावे, शिजताना होणारी घट त्यात मिळवावी, आणि शेवटी नारळ व गूळ यांवर यावे. हा सगळा हिशेब येथे एका प्रत्यक्ष उदाहरणावर केला आहे. वसाहतीच्या गणपतीसाठी कणकेचे, तळणीचे, ओला नारळ आणि गुळाच्या सारणाचे १५१ मोदक करायचे आहेत. खानदेशात गणपतीचा मोदक बहुतेक घरांत तळणीचाच असतो, म्हणून तोच नमुना धरला आहे. उकडीच्या मोदकांसाठी आणि करंजीसाठी कोणते आकडे बदलतात ते पुढे येईल.

एका मोदकात सारण किती ?

तळणीच्या मध्यम मोदकाला सुमारे १५ ग्रॅमची लाटी लागते. ती लाटून साधारण आठ सेंटिमीटर व्यासाची पारी होते, आणि अशा पारीत १२ ते १५ ग्रॅम सारण नीट मावते. सारण १० ग्रॅमच्या खाली गेले तर तळल्यावर मोदक आतून पोकळ लागतो. १७-१८ ग्रॅमच्या पुढे गेले तर कळ्या वर एकत्र येताना पारी ताणली जाते, टोकाशी पातळ होते, आणि तेलात तिथेच सुटते. साधारण नियम असा की तळणीच्या मोदकात सारणाचे वजन लाटीच्या वजनाइतके किंवा किंचित कमी असावे. आपल्या उदाहरणात आपण १४ ग्रॅम धरू.

परंतु दुसऱ्याचा आकडा तसाच उचलण्यापेक्षा आपल्या हाताचा आकडा मोजावा. घरगुती डिजिटल काट्यावर एकेक मोदकाचे सारण मोजत बसू नये, कारण असा काटा एका ग्रॅमने इकडेतिकडे होतोच आणि १४ ग्रॅमच्या मोजणीत एक ग्रॅम म्हणजे बराच मोठा फरक आहे. त्याऐवजी सारणाचे भांडे काट्यावर ठेवून वजन लिहून घ्यावे, नेहमीच्या हाताने दहा मोदक भरावेत, भांडे पुन्हा मोजावे आणि आलेल्या फरकाला दहाने भागावे. पहिल्या वजनात ५३० ग्रॅम आणि दुसऱ्यात ३८५ ग्रॅम आले, तर दहा मोदकांना १४५ ग्रॅम लागले, म्हणजे एका मोदकाला साडेचौदा. हे दहाही मोदक तळून पाहावेत. एकही फुटला नाही आणि मोडल्यावर आत रिकामी जागा दिसली नाही, तर तो आकडा आपला.

हा आकडा किती महत्त्वाचा आहे ते एका उदाहरणाने कळेल. १४ ग्रॅमच्या हिशेबाने १५१ मोदकांचे सारण तयार केले आणि भरणाऱ्या हातांनी उदार होऊन प्रत्येकी १८ ग्रॅम भरले, तर १२३ मोदकांतच सारण संपते. चार ग्रॅम म्हणजे जेमतेम अर्धा चमचा. तेवढ्याने २८ मोदक कमी पडतात.

१५१ मोदकांना शिजलेले सारण

१५१ मोदक, प्रत्येकी १४ ग्रॅम, म्हणजे २११४ ग्रॅम. यात पाच टक्के वाढवावेत, कारण थोडे सारण कढईला व हाताला चिकटून राहते, दोन-चार मोदक फुटतात आणि एखाददुसरी पारी मोडून पुन्हा करावी लागते. पाच टक्के म्हणजे सुमारे १०६ ग्रॅम. एकूण २२२० ग्रॅम तयार सारण हवे. दहा टक्के वाढवण्याचा मोह होतो, पण सारण मोजून भरायचे असेल तर त्याची गरज नाही. मोजून भरायचे नसेल तर वीस टक्केही पुरत नाहीत.

या २२२० ग्रॅममध्ये भाजलेली खसखस ४० ग्रॅम आणि काजूचे तुकडे ६० ग्रॅम धरू. वेलची-जायफळाचे वजन हिशेबात घेण्याइतके नसते. हे १०० ग्रॅम वजा केले की नारळ आणि गूळ मिळून शिजलेले वजन २१२० ग्रॅम हवे. खसखस किंवा सुका मेवा अधिक घालायचा असेल तर तेवढे वजन येथेच वजा करावे. पुष्कळदा ते वरून ‘शोभेला’ म्हणून घातले जाते, हिशेबात धरले जात नाही, आणि मग सारण नेमके तेवढेच उरते.

शिजताना वजन किती घटते ?

संपूर्ण हिशेबातली नाजूक जागा ही आहे, आणि घरगुती अंदाज बहुतेक वेळा येथेच घसरतो. ओल्या नारळाच्या किसात वजनाच्या जवळजवळ निम्मे पाणी असते. गुळातही थोडे पाणी असते, आणि भाद्रपदाच्या दमट हवेत गूळ पाझरू लागला असेल तर ते आणखी वाढते. सारण परतणे म्हणजे यातले काही पाणी उडवणे. किती उडवायचे हे मोदक उकडायचा आहे की तळायचा आहे यावर अवलंबून असते.

उकडीच्या मोदकाचे सारण ओलसर राहिले तरी चालते, किंबहुना ते तसेच चांगले लागते. त्यात कच्च्या वजनाच्या दहा-बारा टक्के घट पुरते, म्हणजे एक किलो कच्च्या मिश्रणाचे सुमारे ८८० ग्रॅम सारण मिळते. तळणीच्या मोदकाचे सारण अधिक कोरडे हवे. गरम तेलात आतल्या पाण्याची वाफ होते, तिला बाहेर पडायला जागा नसते, ती कळ्यांच्या जोडातून वाट काढते आणि तिच्यामागून पातळ गूळ तेलात येतो. तेलात काळे ठिपके तरंगू लागले आणि करपट वास येऊ लागला की सारण ओले राहिले हे समजावे. पुढच्या घाण्यातल्या सर्व मोदकांवर तो काळेपणा चढतो. म्हणून तळणीसाठी अठरा टक्के घट धरावी, म्हणजे एक किलो कच्च्या मिश्रणाचे ८२० ग्रॅम सारण.

आपल्याला २१२० ग्रॅम शिजलेले हवे आहे. २१२० ला ०.८२ ने भागले की २५८५ येतात. म्हणजे नारळाचा कीस आणि गूळ मिळून कच्चे वजन २५८५ ग्रॅम हवे.

नारळ आणि गूळ यांचे प्रमाण

‘दोन वाट्या नारळाला एक वाटी गूळ’ हे प्रमाण सगळीकडे ऐकू येते, आणि वाटीने मोजणाऱ्यासाठी ते बरोबरही आहे. पण वजनाला तेच लावून किलोला अर्धा किलो गूळ घेतला की सारण अपेक्षेपेक्षा फिके होते. नारळाचा कीस हलका आणि मोकळा असतो. दीडशे मिलिलिटरच्या वाटीत तो न दाबता भरला तर पंचावन्न-साठ ग्रॅम बसतो. त्याच वाटीत चिरलेला गूळ शंभर ग्रॅमच्या आसपास बसतो. दोन वाट्या नारळ म्हणजे सुमारे ११५ ग्रॅम आणि एक वाटी गूळ म्हणजे सुमारे १०० ग्रॅम. वजनात पाहिले तर दोन्ही जवळपास सारखेच झाले. वाटी दाबून भरली तर नारळ ८० ग्रॅमपर्यंत जातो आणि सगळे प्रमाणच बदलते. मोठ्या घाण्याला वाटी वापरू नये ते यासाठीच.

वजनाने मोजताना एक किलो कीसाला ६०० ग्रॅम गूळ हे माझ्या मते तळणीच्या मोदकासाठी योग्य प्रमाण आहे. ५०० ग्रॅमला सारण सौम्य होते आणि पुरेसे बांधले जात नाही, भरताना सांडते. ७५० ग्रॅमच्या पुढे गूळ वाढवला तर सारण चिकट होते, थंड झाल्यावर कडक होते आणि तेलात गळण्याची शक्यता वाढते. खानदेशात पुरण गोड आवडते, तसे सारणही हवे असेल तर ६५० पर्यंत जावे, पण मग सारण किंचित जास्त परतावे लागते.

६०० च्या प्रमाणाने एकूण भाग १.६ झाले. २५८५ ला १.६ ने भागले की नारळाचा कीस १६१६ ग्रॅम येतो, आणि त्याच्या सहा दशांश गूळ म्हणजे ९७० ग्रॅम. सोयीसाठी कीस १६२० ग्रॅम आणि गूळ ९७० ग्रॅम धरू.

नैवेद्याचे सारण देवाला दाखवण्याआधी चाखायचे नसते. म्हणून गोडी चवीवर सोडता येत नाही, वजनावरच ठरवावी लागते. नवीन दुकानातला गूळ असेल तर आदल्या दिवशी मूठभर सारण वेगळे करून चाखावे आणि मग प्रमाण पक्के करावे. गडद गूळ कमी गोड नसतो, पण त्याची चव इतकी पुढे येते की नारळ मागे पडतो. खारटपणा मात्र खडा जिभेवर ठेवला की लगेच कळतो, आणि खारट गूळ कोणत्याही प्रमाणात घेतला तरी सारण सुधारत नाही.

किती नारळ आणावेत ?

सोललेला मध्यम नारळ पाचशे-सहाशे ग्रॅमचा असतो. त्यातला जवळपास निम्मा भाग खोबरे, बाकीचे करवंटी आणि पाणी. खवणीने खवताना करवंटीलगतचा तपकिरी थर सोडून द्यावा लागतो, नाहीतर सारण काळपट दिसते. हे सगळे वजा होऊन एका मध्यम नारळाचा हाती येणारा कीस २०० ग्रॅमच्या आसपास असतो. लहान नारळाचा १६०-१७० आणि मोठ्याचा २५० पर्यंत जातो. खवणी नसेल आणि खोबऱ्याचे तुकडे सालून मिक्सरमधून काढायचे असतील, तर सालताना पांढरे खोबरेही जाते, म्हणून कीस थोडा कमी धरावा.

१६२० भागिले २०० म्हणजे ८.१, अर्थात नऊ नारळ. त्यावर एक जादा, कारण आठ-दहा नारळांत एखादा आतून कुजका किंवा खवट निघण्याची शक्यता ठेवावीच लागते. एकूण दहा नारळ. घेताना प्रत्येक नारळ कानाशी हलवून पाहावा. पाण्याचा स्पष्ट आवाज यावा, डोळ्यांपाशी ओल किंवा पांढुरकी बुरशी नसावी, आणि आकाराच्या मानाने तो जड लागावा. पाण्याचा आवाज अजिबात येत नसेल तर पाणी आटले आहे किंवा चिरेतून गळून गेले आहे; तसा नारळ नैवेद्याला घेऊ नये. दुकानदार हरकत घेत नसेल तर दहाही नारळ एकत्र तोलून घ्यावेत. दहा नारळ सहा किलोच्या जवळ असतील तर निश्चिंत राहावे, साडेचार किलोच भरले तर दोन नारळ वाढवावेत.

गूळ हिशेबाने ९७० ग्रॅम लागतो, म्हणून एक किलोची ढेप पुरेल असे वाटते. परंतु चिरताना होणारा चुरा, कागदाला चिकटणारा थर आणि खडे-काडी यांत तीस ग्रॅम सहज जातात. सव्वा किलो आणावा. उरलेला गूळ घरात कधी वाया जात नाही. खडा लागण्याची भीती असेल आणि गूळ विरघळवून गाळायचा असेल, तर त्यासाठी घातलेले पाणी परत उडवावेच लागते, तेव्हा अर्ध्या वाटीपेक्षा जास्त पाणी घालू नये.

ओले नारळ मिळाले नाहीत किंवा फार महाग झाले, तर बाजारातल्या सुकवलेल्या किसावर भागवता येते. त्यात पाणी जवळजवळ नसते, म्हणून एक किलो ओल्या किसाच्या जागी साडेपाचशे ग्रॅम सुका कीस घ्यावा आणि कोमट दुधाचा किंवा पाण्याचा हबका देऊन अर्धा तास झाकून ठेवावा. त्यातून उडवायचे पाणी फारच कमी असते, त्यामुळे सारण पटकन तयार होते. अशा वेळी कढईजवळून हलू नये.

कढईत वजनावर थांबणे

सारण झाले की नाही हे पाहण्याच्या जुन्या खुणा उत्तम आहेत. मिश्रण कढईच्या कडा सोडू लागते, उलथण्याबरोबर गोळा होऊन फिरते, आणि चमचाभर सारण ताटलीत गार करून वळले तर गोळी होते, भोवती पाक सुटत नाही. तरीही मोठ्या घाण्यात या खुणांना वजनाची जोड द्यावी, कारण गरम सारण नेहमी असते त्यापेक्षा ओले दिसते. ते ओले दिसते म्हणून परतत राहिले की गुळाचा पाक पुढे जातो, आणि गार झाल्यावर सारण खडीसारखे कडक होते.

कीस आणि गूळ दोन भागांत विभागावा, कारण दोन-अडीच किलो मिश्रण एका कढईत खालीवर नीट होत नाही आणि मध्यभाग ओला राहतो. शिवाय घरगुती काट्याची क्षमता बहुधा पाच किलोची असते. प्रत्येक भागात ८१० ग्रॅम कीस आणि ४८५ ग्रॅम गूळ, म्हणजे १२९५ ग्रॅम. रिकामी कढई उलथण्यासह तोलून वजन लिहून ठेवावे. समजा ते १४०० ग्रॅम आहे. १२९५ चे ८२ टक्के म्हणजे सुमारे १०६० ग्रॅम. म्हणून कढई, उलथणे आणि सारण मिळून वजन २४६० ग्रॅमवर आले की गॅस बंद करायचा.

गूळ विरघळून मिश्रण आधी पातळ होते, त्या वेळी आच मध्यम ठेवून सतत हलवावे. पातळपणा जाऊन ते घट्ट होऊ लागले की आच मंद करावी आणि पहिले वजन घ्यावे. काट्यावर लाकडी पोळपाट ठेवून काटा शून्यावर आणावा आणि मगच गरम कढई ठेवावी, कारण गरम कढईने काट्याची प्लॅस्टिकची तबकडी वितळू शकते. वजन २५५० दाखवत असेल तर अजून नव्वद ग्रॅम पाणी उडायचे आहे. चार-पाच मिनिटे परतून पुन्हा पाहावे. २४६० ला सारण उतरवल्यावरही वाफ निघतच राहते, आणि परातीत पसरून गार होईपर्यंत आणखी थोडे वजन जाते. ती घट वाढवलेल्या पाच टक्क्यांत सामावते. वजन खाली गेले, २३५० च्या आसपास आले, तर सारण जास्त परतले गेले आहे. ते कोरडे सुटे वाटले तर दोन चमचे दूध शिंपडून, झाकण ठेवून दोन मिनिटे वाफ द्यावी. खसखस, काजू आणि वेलची सारण कोमट झाल्यावरच घालावी.

दुसरा भाग होईपर्यंत पहिला गार झालेला असतो. दोन्ही एकत्र कालवावेत, कारण पहिला घाणा किंचित ओला आणि दुसरा किंचित कोरडा असा फरक नेहमी राहतो आणि तो मोदकांत उतरू द्यायचा नसतो. सारण आदल्या रात्री करून ठेवायचे असेल तर ते फ्रिजमध्येच ठेवावे. भाद्रपदातल्या उकाड्यात ओल्या नारळाचे सारण रात्रभर बाहेर राहिले तर सकाळी आंबूस वास येण्याचा धोका असतो.

भरताना मोजमाप टिकवणे

वसाहतीत पाच-सहा जणी एकत्र भरायला बसतात आणि प्रत्येकीचा चमचा वेगळा असतो. ‘मावशी, तुमचा मोदक जरा भरलेला दिसतोय’ असे म्हणायला कोणी धजावत नाही. त्यावर सोपा उपाय आहे. ओल्या नारळाच्या सारणाचे गोळे आधीच वळून ठेवावेत. १४० ग्रॅम सारण काट्यावर घ्यावे आणि त्याचे दहा गोळे करावेत. असे पंधरा वेळा केले की १५० गोळे झाले, एक वरचा. मग पारी कोणीही लाटो आणि कळ्या कोणीही घेवो, सारण ठरल्याप्रमाणेच पडते. गोळे करून ठेवण्यात वीस-पंचवीस मिनिटे जातात, पण कळ्या घेताना सारण सांडत नसल्याने तेवढा वेळ परत मिळतो.

गोळे करायचे नसतील तर निदान एक मधली तपासणी करावी. पन्नास मोदक भरून झाले की उरलेले सारण तोलावे. सुरुवातीच्या २२२० मधून ७०० ग्रॅम गेलेले असावेत, म्हणजे १५२० उरायला हवेत. १३५० च उरले असतील तर हात १७ ग्रॅमवर गेला आहे. उरलेल्या १०१ मोदकांना प्रत्येकी १३ ग्रॅम येतात, अजून काही बिघडलेले नाही, हात किंचित आवरायचा इतकेच. शंभर मोदकांनंतर हीच गोष्ट लक्षात आली तर शेवटचे मोदक दहा ग्रॅमच्या खाली जातात आणि पोकळ होतात.

पाऱ्यांसाठी कणीक किती भिजवावी हेही यातच आले. १५१ लाट्या, प्रत्येकी १५ ग्रॅम, म्हणजे २२६५ ग्रॅम भिजलेली कणीक. एक किलो कणीक आणि रवा मिळून, मोहन व पाणी धरून, दीड किलोच्या आसपास गोळा होतो. म्हणून एक किलो सहाशे ग्रॅम पीठ भिजवावे. कणीक उरली तर पुऱ्या होतात. सारण उरले तर काय करावे, हे मात्र घरातल्या मुलांना सांगावे लागत नाही.

उकडीचे मोदक करायचे असल्यास

येथे फक्त दोन आकडे बदलतात. मध्यम उकडीच्या मोदकात २० ग्रॅम सारण जाते, आणि घट अठराऐवजी बारा टक्के धरायची. ५१ मोदकांसाठी १०२० ग्रॅम, पाच टक्के वाढवून १०७१, त्याला ०.८८ ने भागून १२१७ ग्रॅम कच्चे मिश्रण. १.६ ने भागले की कीस ७६० ग्रॅम आणि गूळ ४५५ ग्रॅम, म्हणजे चार नारळ आणि एक जादा. साच्यातला मोदक असेल तर आकडा साच्यावर अवलंबून असतो. साच्यात पारी लावून आत सारण दाबून भरावे, ते काढून तोलावे आणि तेच वजन धरावे.

करंजीचा हिशेब वेगळा का ?

दिवाळीची करंजी सुक्या खोबऱ्याची असते. तिचे सारण शिजवत नाहीत, खोबरे किसून मंद आचेवर भाजतात आणि गार झाल्यावर त्यात गूळ किंवा पिठीसाखर मिसळतात. म्हणून घट फार थोडी असते. वाट्या किसताना हाती न लागणारी टोके आणि भाजताना उडणारी थोडी ओल मिळून पाच टक्के धरले की पुरे.

दहा सेंटिमीटरच्या पारीच्या करंजीत १२ ग्रॅम सुके सारण बसते. सारण सुटे असल्याने यापेक्षा जास्त भरले की कडेवर सांडते, तिथे कड चिकटत नाही, आणि करंजी तेलात उघडून सगळे तेल सारणाच्या कणांनी भरून जाते. कमी भरले तर करंजी हलवल्यावर खुळखुळते. एकच काळजी घ्यावी. भाजलेले खोबरे हाताने चुरून घेतल्याशिवाय वजन ठरवू नये. न चुरलेला लांब कीस चमच्यात फुगून बसतो, चमचा भरलेला दिसतो, पण वजन चुरलेल्या खोबऱ्याच्या मानाने बरेच कमी भरते. अर्धे सारण चुरलेले आणि अर्धे न चुरलेले असेल तर दोन्ही हिशेब चुकतात.

१०० करंज्यांसाठी १२०० ग्रॅम, पाच टक्के वाढवून १२६० ग्रॅम सारण लागते. त्यात खोबरे पाच भाग, बारीक किसलेला गूळ चार भाग, आणि भाजलेला रवा व खसखस मिळून एक भाग घ्यावा. दहा भागांचे १२६० म्हणजे खोबरे ६३० ग्रॅम, गूळ ५०४ ग्रॅम आणि रवा-खसखस १२६ ग्रॅम. खोबऱ्याची पाच टक्के घट मिळवून ६६५ होतात, म्हणून बाजारातून ७०० ग्रॅम वाट्या आणाव्यात. वाटी फोडून आतली बाजू पाहावी. ती पिवळट असेल किंवा तिला जुन्या तेलाचा वास येत असेल, तर ती भाजूनही सुधारत नाही.

गुळाच्या सारणाला एक मर्यादा आहे. गूळ हवेतला ओलावा ओढून घेतो, त्यामुळे अशा करंजीचे आवरण दोन-तीन दिवसांत मऊ पडते. करंजी डब्यात आठ-दहा दिवस ठेवायची असेल तर गुळाच्या जागी पिठीसाखर घ्यावी. पिठीसाखरेत गुळासारखा ओलावा नसल्याने वजन तेच ठेवून चालते, फक्त गोडी थोडी जास्त लागते, म्हणून चार भागांच्या जागी साडेतीन भाग घेऊन उरलेला अर्धा भाग रव्याने भरून काढावा. गुळाचीच हवी असेल तर सारण आधी करून ठेवू नये. खोबरे भाजून, चुरून डब्यात ठेवावे आणि करंज्या भरायच्या दिवशीच त्यात गूळ मिसळावा. ओल्या नारळाची करंजी त्याच दिवशी संपणार असेल तरच करावी. तिच्यासाठी १५ ग्रॅम सारण धरून वरचा तळणीच्या मोदकाचा हिशेब जसाच्या तसा लावता येतो.